'ग्राम्य' म्हणजे कुणाचं गाव?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या नोटीस बोर्डावर दोन वर्षांपूर्वी एक यादी लागली. मथळा होता, 'कंपनीच्या आवारात अश्लील शब्द वापरण्यास सक्त मनाई'. खाली अकरा शब्द होते. आयला, च्यायला, मायला, लेका, मुडद्या, भाड्या, रांडच्या वगैरे. आणि सगळ्यात शेवटी 'भावा'. पहिल्यांदा सापडला तर तोंडी समज, दुसऱ्यांदा मेमो.

ती यादी मी टाइप केली होती. मी तिथं एचआरमध्ये होतो. साहेबांनी सांगितलं, "पोरं दिवसभर काय काय बोलतात ते लिहून काढ, उद्या बोर्डावर पाहिजे." मी मराठीत एम.ए. केलेला माणूस. हे काम माझ्याकडं आलं, याचा मला तेव्हा थोडा अभिमानच वाटला होता.

महिन्याभरात दोन गोष्टी घडल्या. मोल्डिंगवरच्या एका पोराच्या पायावर साच्याची पेटी निसटली. तो "च्यायला" म्हणून ओरडला आणि त्याला मेमो मिळाला. दुसरी गोष्ट कोअर शॉपमधली. साच्यात पोकळी राहावी म्हणून वाळूचे जे गाभे करतात ते करण्याचं काम तिथं बायकांकडं होतं, आणि बहुतेक बायका ठेकेदाराच्या होत्या. त्यातल्या एकीचा नवरा वारला होता. गाभे तुटले म्हणून शिफ्टचा सुपरवायझर सगळ्यांसमोर तिला 'रंडकी' म्हणाला. "रंडकीला कामाचं काय पडलंय," असं काहीतरी. ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मी त्यांना कायबी बोललो न्हाई. मी खाली मान घालून काम करत होतो." आमच्याकडच्या बऱ्याच बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'मी आलो', 'मी गेलो'.

सुपरवायझरला बोलावलं. त्यानं दोन उत्तरं दिली. पहिलं, "आमची बोलीच अशी हाय साहेब, माझी आज्जी मला रोज रांडच्या म्हणती." दुसरं उत्तर त्यानं खिशातून काढलं. फोनवर कोश उघडला आणि शब्दाचा अर्थ दाखवला: विधवा. "मग? विधवाच हाय की ती. यात शिवी कुठं हाय?" साहेबांनी माझ्या यादीकडं बघितलं. यादीत 'रंडकी' नव्हता. मी घातलाच नव्हता, कारण पोरं दिवसभर बोलतात त्यात तो येत नव्हता. तिनं लेखी तक्रार केली नाही, त्यामुळं प्रकरण अंतर्गत समितीपर्यंत गेलंच नाही. 'बोलीभाषेतला शब्द' म्हणून तिथंच मिटलं. पुढच्या महिन्यापासून ती कामावर आली नाही. (कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

म्हणजे ज्या शब्दानं कुणाचंच काही गेलं नाही तो 'अश्लील' ठरला आणि ज्यानं एका बाईची रोजी गेली तो 'बोलीतला' ठरला. हा लेख त्या सुपरवायझरबद्दल नाही. शब्दांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांबद्दल आहे: ग्राम्य, अशिष्ट, असभ्य, अश्लील, अनौपचारिक. या चिठ्ठ्या आपण उलट्यापालट्या वाचतो. आणि आपण त्या उलट्या वाचाव्यात अशी सोय आपल्या कोशपरंपरेनंच करून ठेवली आहे, असं माझं म्हणणं आहे.

एका चिठ्ठीत चार भांडणं

कोशात शब्दापुढं कंसात जी खूण असते तिला आपण शब्दाचा चारित्र्याचा दाखला समजतो. अमुक शब्द घाण, तमुक शब्द चांगला. पण कोशकाराचं काम तसं नसतं. तो शब्दाबद्दल नाही, शब्द वापरणाऱ्यांबद्दल माहिती देत असतो. हा शब्द कोण, कुणाला, कुठं म्हणतं आणि ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, याचा तो छोटासा अहवाल असतो. त्या अहवालात किमान चार वेगळ्या गोष्टी येतात. त्या एकत्र कालवल्या की आमच्या नोटीस बोर्डासारखी यादी तयार होते.

पहिली गोष्ट, अनौपचारिक. 'भावा', 'लेका', 'पोरगं'. यात कुणाचा अपमान नाही की लाज नाही. कलेक्टरला अर्ज लिहिताना हे शब्द येत नाहीत, एवढंच या खुणेचं म्हणणं. 'च्यायला' बऱ्याच जणांच्या तोंडी आता याच खणात येऊन बसला आहे. तो 'तुझ्या आईला' याचा झिजलेला तुकडा आहे, पण पायावर पेटी पडल्यावर जो 'च्यायला' म्हणतो त्याच्या मनात कुणाची आई नसते. शिवी वापरून वापरून गुळगुळीत होते आणि शेवटी उद्गारचिन्ह होऊन उरते.

दुसरी गोष्ट, असभ्य. शरीराचे अवयव, विधी, संभोग यांचे थेट शब्द. 'मुतणे' हा शब्द पाहुण्यांसमोर माणसाबद्दल बोलताना खटकतो. पण गोठ्यात म्हशीबद्दल बोलताना त्याच्याशिवाय दुसरा शब्द कुणी वापरत नाही, आणि वापरला तर लोक हसतील. म्हणजे असभ्यपणा शब्दात नाही. तो कुठं, कुणासमोर यात आहे.

तिसरी, हीनतादर्शक. इथं शब्द दिसायला अगदी स्वच्छ असू शकतो. आमच्याच कंपनीतलं उदाहरण 'भय्या'. कोशात बघाल तर अर्थ भाऊ. पण भट्टीवर काम करणाऱ्या बिहारच्या माणसाला "ए भय्या" अशी हाक मारताना त्या हाकेत भाऊ कुठंच नसतो. नाव माहीत असूनही ते न घेण्याची ती रीत असते. असभ्य शब्द ऐकणाऱ्या कुणालाही खटकतो. हीनतादर्शक शब्द ज्याच्याबद्दल बोलला त्यालाच लागतो आणि शेजारच्याला कळतही नाही. म्हणून तो कुणाच्या यादीत येत नाही.

चौथी, वर्ज्य. इथं भीती शब्दाची नसून वस्तूची असते. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणायचं. बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. घरातून निघताना 'जातो' नाही, 'येतो'. हे शब्द ना असभ्य ना अपमानकारक. तरी आज्जीसमोर बोलून बघा.

आता 'अश्लील' या एका शब्दात हे सगळं कोंबलं की काय उरतं? गंमत म्हणजे जुन्या संस्कृत काव्यशास्त्राला हा घोळ माहीत होता. तिथं अश्लील दोषाचे तीन प्रकार केले होते: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा काव्यपंडित विचारत होता, 'अश्लील म्हणतोस, पण नेमका कुठल्या कारणानं?' आमच्या नोटीस बोर्डाला हा प्रश्न पडला नाही. तुमच्या फोनच्या कीबोर्डलाही पडत नाही. Gboard मध्ये `Block offensive words` असं एक बटण असतं. चालू किंवा बंद. तिसरा पर्याय नाही.

गाव हीच शिवी

मराठीत या चार गोष्टींत पाचवी येऊन बसली आणि तिनं सगळ्यांचा चुथडा केला. ती म्हणजे 'ग्राम्य'.

शब्दाचा सरळ अर्थ गावातलं, खेड्यातलं. पण काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हाही दोष होता. नागर माणसाच्या तोंडी न शोभणारं, अडाणी. इंग्रजीतही हाच प्रवास दिसतो. आज आपण 'व्हल्गर' म्हणतो तो शब्द लॅटिनमधल्या 'सामान्य लोक' या अर्थाच्या शब्दावरून आला. आधी अर्थ होता 'सर्वसामान्यांचं', मग झाला 'हलकं', मग 'अश्लील'. दोन्हीकडं युक्ती तीच. आधी एका समूहाची भाषा म्हणायचं, मग त्या समूहाच्या नावालाच दोषाचं नाव करायचं.

जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. दोन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, आणि दोन्ही अफाट आहेत. मी त्यांच्यावर दगड मारायला बसलेलो नाही. शिव्या, बायकांची भाषा, वेगवेगळ्या मुलखांतले शब्द, हे सगळं त्यांनी गोळा केलं नसतं तर आज या लेखाला विषयच मिळाला नसता. पण 'ग्राम्य' या शिक्क्यानं आपल्याला जी सवय लावली ती मोडायला हवी. आपल्याकडं 'न्हाई', 'बगा', 'इस्तू' हे उच्चारही ग्राम्य आणि आईबहिणीवरची शिवीही ग्राम्य. एकाची चूक एवढीच की तो पुण्याच्या बाहेर जन्मला. दुसरा कुणालातरी दुखवण्यासाठी वापरला जातो. दोघांना एकाच खुंटीला टांगलं की शाळेतल्या बाईंना 'न्हाई' म्हणणारं पोर शिव्या देणाऱ्याइतकंच गुन्हेगार वाटायला लागतं. आणि उलट बाजूनं, शिवी देणारा म्हणू शकतो, 'आमची बोलीच हाय अशी.'

सुपरवायझरनं नेमकं हेच केलं. त्याला बोलीचा कळवळा होता म्हणून नाही. 'ग्राम्य' या शब्दानं गाव आणि शिवी एकत्र बांधून ठेवली होती, तो फक्त त्या गाठीमागं लपला.

एक शब्द, नीट उलगडून

मग हा शब्द कोशात कसा मांडायला हवा होता? करून बघू.

मूळ संस्कृत 'रण्डा'. मराठीत 'रांड'. मोल्सवर्थमध्ये पहिला अर्थ आजही वाचता येतो: विधवा. 'रांडमुंड' म्हणजे केशवपन केलेली विधवा. आमच्या भागातला 'रंडकी' याच घरातला. या अर्थापासून वेश्या, आणि तिथून कुणाही बाईला द्यायची शिवी, असा हा शब्द घसरत गेला. तो घसरला कसा, हे महत्त्वाचं. विधवेच्या चारित्र्यावर संशय घेणं हा समाजाचा रिवाज होता, म्हणून विधवेचं नाव आणि वेश्येचं नाव एक झालं. शब्द आपोआप बिघडला नाही. लोक ज्या नजरेनं त्या बाईकडं बघत होते ती नजर शब्दात साचत गेली.

आता वापर तपासायचा. कोशकार हे मनानं ठरवत नाही. तो वाक्यं गोळा करतो आणि प्रत्येक वाक्याला तेच प्रश्न विचारतो: बोलणारा कोण? ऐकणारा कोण? वय, नातं, हुद्दा काय? ऐकणारा हसला, गप्प बसला की अंगावर गेला? उलट दिशेनं तोच शब्द चालतो का? मी पुढचा महिनाभर कँटीनमध्ये बसून हेच केलं.

'रांडच्या' हा शब्द आज्जी नातवाला म्हणते, मामा भाच्याला म्हणतो, बरोबरीचे दोस्त एकमेकांना म्हणतात. माझी आज्जीही मला म्हणायची, आणि तिनं नाव घेऊन हाक मारली की मी घाबरायचो, कारण तेव्हा ती खरंच चिडलेली असायची. पण हा शब्द खालून वर जात नाही. नातू आज्जीला काही म्हणत नाही, हेल्पर फोरमनला म्हणत नाही. तो फक्त पुरुषाला लागतो. आणि मुळातला घाव ज्याला म्हटलं त्याच्यावर नसून त्याच्या आईवर आहे. आज्जी हे म्हणते तेव्हा ती स्वतःच्याच सुनेला किंवा लेकीला शिवी देत असते, पण ते कुणाच्या ध्यानातही नसतं.

'रांड' बाईला उद्देशून म्हटलं तर गोष्ट वेगळी. इथंही एक अपवाद मी ऐकला आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. वयस्कर मैत्रिणी एकमेकींना "काय गं रांडं, किती दिसानं आलीस" म्हणतात, आणि ते प्रेमानंच असतं. पण त्या दोघी एका पायरीवर उभ्या असतात. त्या पायरीवर सुपरवायझरला जागा नाही. पुरुषानं बाईला, वरच्यानं खालच्याला हा शब्द लाडानं म्हटल्याचं एकही वाक्य मला सापडलं नाही.

'रंडकी'ला तर लाडाचा कोपराच नाही. तो कायम तिसऱ्या माणसाबद्दल किंवा तोंडावर टोमणा म्हणूनच येतो.

तर माझी नोंद अशी झाली असती:

रांडच्या: पुरुषाला उद्देशून. कोल्हापूर भाग. थोरांनी धाकट्यांना किंवा बरोबरीच्यांत, अनौपचारिक, बहुधा लाडानं. अनोळखी किंवा थोर माणसाला म्हटल्यास शिवी. मूळ अर्थ स्त्रीला हीन लेखणारा.

रांड: १. विधवा. हा अर्थ आता जुना. आज या अर्थानं वापरल्यास हीनतादर्शक. २. स्त्रीला शिवी, अत्यंत अपमानकारक. ३. समवयस्क स्त्रियांत आपसांत, लाडानं.

रंडकी: विधवा. कोल्हापूर भाग. हीनतादर्शक.

बघा, यात 'ग्राम्य' कुठंच लागला नाही. 'कोल्हापूर भाग' हा पत्ता आहे, तो दोष नाही. दोष असेल तर तो वेगळ्या शब्दात, वेगळा लिहिला आहे. सुपरवायझरनं फोनवर ही नोंद उघडली असती तर त्याला विधवा हा अर्थ दिसलाच असता, पण त्याच्या शेजारी 'आज हीनतादर्शक' हेही दिसलं असतं.

मग चिठ्ठ्या काढूनच टाकायच्या?

माझ्या एका मित्राचं म्हणणं, खुणाच नकोत. कोण कुणाला सभ्य-असभ्य ठरवणार? शब्द द्या, अर्थ द्या, बास. हे ऐकायला पुरोगामी वाटतं. पण हे फक्त त्याच माणसाला परवडतं ज्याची ती मातृभाषा आहे.

फेटलिंगला, म्हणजे ओतीव कामाच्या कडा घासून साफ करायच्या खात्यात, बिहारचा एक पोरगा होता. हुपरीच्या दोस्तांत राहून मराठी शिकला. ते त्याला रोज 'रांडच्या' म्हणायचे, हसायचे, चहा पाजायचे. त्याला वाटलं, हा 'यार'सारखा शब्द. एक दिवस त्यानं पन्नाशीच्या वेल्डरला हाक मारली, "ओ रांडच्या काका." त्यानं 'ओ' लावला होता, 'काका' लावलं होतं. त्याच्या बाजूनं त्यानं पुरेपूर आदर दिला होता. वेल्डरनं कानाखाली मारली. त्या पोराला शब्द माहीत होता, अर्थही साधारण माहीत होता. फक्त 'खालून वर जात नाही' ही खूण त्याला कुणी सांगितली नव्हती. खूण नसणं म्हणजे समता नव्हे. जो बाहेरून येतो त्याला अंधारात सोडणं आहे.

दुसरी मागणी याच्या उलट असते: असले शब्द कोशातूनच काढा. ही लढाई इंग्रजीत होऊन गेली आहे. इंग्लंडमधल्या मार्कस श्लॉयमोविट्झ नावाच्या एका ज्यू व्यावसायिकानं ऑक्सफर्डच्या कोशांविरुद्ध दावा लावला होता. 'ज्यू' या शब्दाला कोशात 'कंजूस, लुबाडणारा' अशा धाटणीचा अर्थ दिला होता, तो काढा अशी त्याची मागणी. १९७३ मध्ये तो दावा फेटाळला गेला. मला दोघांचंही पटतं. लोक तो शब्द त्या अर्थानं वापरत होते, म्हणून कोशात तो यायलाच हवा. तो काढला तर द्वेष संपत नाही, फक्त द्वेषाचा पुरावा नाहीसा होतो. पण श्लॉयमोविट्झची चीडही खरी होती. अर्थ छापायचा तर शेजारी ठळक लिहा की हा अपमान आहे, हा त्या माणसांचा गुण नाही. अर्थ म्हणजे जगाबद्दलचं विधान, खूण म्हणजे बोलणाऱ्याबद्दलचं. खूण गाळली की बोलणाऱ्याचा पूर्वग्रह जगाचं सत्य होऊन बसतो.

कोर्टाला कळलं, एचआरला नाही

'कोशातला अर्थ तर साधाच आहे' ही पळवाट जुनी आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केलेली आहे. २००८ च्या स्वर्ण सिंग खटल्यात प्रश्न होता, एखाद्याला त्याच्या जातीच्या नावानं हाक मारणं हा अपमान कसा? ते तर फक्त जातीचं नाव. न्यायालयानं म्हटलं, व्युत्पत्ती काय सांगते ते बघू नका, आज लोक तो शब्द कशासाठी वापरतात ते बघा. हिणवण्यासाठी आणि लोकांसमोर वापरला असेल तर तो ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो.

बरोबर उलट्या दिशेचा निकाल १९ मार्च २०२४ चा. 'कॉलेज रोमान्स' ही वेबसिरीज तुमच्यातल्या अनेकांनी बघितली असेल. तिच्यातल्या शिव्यांवरून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं दिला होता. चेंबरमध्ये ती इअरफोन लावून बघावी लागली, असंही तिथं नमूद झालं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी ती पोरं राग, वैताग, उत्साह यासाठी ती वापरतात. अर्वाच्य म्हणजे आपोआप अश्लील नव्हे.

हे दोन निकाल शेजारी ठेवा. एकात कोशातला अर्थ निरुपद्रवी आणि वापर विषारी. दुसऱ्यात कोशातला अर्थ भयंकर आणि वापर पोकळ. दोन्ही वेळा न्यायालयानं वापर बघितला. आमच्या कंपनीनं दोन्ही वेळा शब्द बघितला, आणि दोन्ही वेळा चुकली.

शब्द बदलून बघितला, रिवाज बदलून बघितला

शेवटची पळवाट सगळ्यात सभ्य असते: वाईट शब्द काढा, चांगला घाला. एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी सुचवलं होतं की 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं. टीका झाल्यावर तो फक्त चर्चेसाठीचा प्रस्ताव असल्याचं सांगितलं गेलं. लग्नपत्रिकेतला 'गं. भा.' ज्यांना आठवतो त्यांना माहीत आहे की हा शब्द नवा नाही. तो आधी वापरून झाला आहे. 'सौ.' आणि 'गं. भा.' शेजारी छापले की पत्रिका वाचणाऱ्याला एका क्षणात कळतं, कुठल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं आणि कुठल्या नाही. शब्द पवित्र, काम तेच. 'रण्डा' हाही कधीतरी विधवेसाठीचा एक शब्दच होता. आज 'विधवा' टोचायला लागला म्हणून तो बदलाल, तर उद्या 'गंगा भागीरथी'पुढं कोशकाराला 'हीनतादर्शक' लिहावं लागेल.

त्याच्या वर्षभर आधी आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं वेगळं काहीतरी केलं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. ठरावानं एका दिवसात सगळं बदललं असं मी म्हणत नाही. पण हेरवाडनं हात कुठं घातला ते बघा. त्यांनी शब्दाला हात लावला नाही. ज्या रिवाजामुळं तो शब्द टोचतो त्या रिवाजाला लावला. शब्दापुढची खूण खोडायचा हाच एक खरा मार्ग आहे, आणि तो कोशकाराच्या हातात नाही. आणि हे एका गावानं केलं. 'ग्राम्य' गावानं.

कोशकाराच्या हातात एवढंच आहे की खूण खरी लावावी. मुलूख वेगळा लिहा, औपचारिकपणा वेगळा, असभ्यपणा वेगळा, अपमान वेगळा. अपमान असेल तर तो कुणाचा, तेही लिहा. आणि 'ग्राम्य' ही खूण नव्या कोशांतून काढून टाका. तिच्यानं कळत काहीच नाही, फक्त शिक्का बसतो.

मी ती नोकरी सोडली. सोडायच्या आधी यादी पुन्हा टाइप करून साहेबांना दिली होती. अकरापैकी नऊ शब्द काढले होते. 'रंडकी' घातला होता, 'भय्या' घातला होता, आणि खाली एक ओळ: 'हे शब्द वरच्या हुद्द्याच्या माणसानं खालच्या माणसाला वापरल्यास तोंडी समज नाही, थेट मेमो.' साहेबांनी वाचली आणि म्हणाले, "यात अश्लील काय आहे?"

मागच्या महिन्यात गेटवरच्या चहाच्या गाड्यावर जुना एक दोस्त भेटला. जुनीच यादी अजून बोर्डावर आहे म्हणाला. पावसानं शाई उतरलीय, पण 'भावा' अजून वाचता येतो.